एका वर्षाची मुदत : परदेशात जन्मलेलं बाळ भारतीय कसं होतं?

आजचा विषय तसा एका कागदाचा आहे. आपल्या चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली भागातली मुलं-मुली आता नोकरीसाठी आखाती देशांत जातात, अमेरिकेत जातात. तिथं बाळ होतं. इकडे आजी-आजोबा विचारतात, बाळाला घेऊन कधी येता? तिकडून उत्तर येतं, ‘पासपोर्ट झाला की येतो.’ या उत्तरात एक पायरी गाळलेली असते. पासपोर्ट नागरिकत्व देत नाही. नागरिकत्व आधी सिद्ध व्हावं लागतं, आणि मगच पासपोर्ट मिळतो. ही मधली पायरी कशी तयार झाली, त्याचा इतिहास आज आपण बघू.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करावी लागेल. 1914 च्या ब्रिटिश कायद्यात साम्राज्याबाहेर जन्मलेलं मूल बापाच्या नात्यानं प्रजाजन ठरत असे. पण बापही बाहेरच जन्मलेला असेल, तर हा हक्क पिढ्यान् पिढ्या किती चालवायचा? 1922 च्या दुरुस्तीनं त्यावर तोड काढली. बाहेर जन्मलेल्या पुढच्या पिढीनं हक्क टिकवायचा तर ब्रिटिश वकिलातीत जन्माची नोंद करायची, आणि ती एका वर्षाच्या आत करायची. आपण आज जी ‘एक वर्षाची मुदत’ म्हणतो, तिचं मूळ इथं आहे. 1948 च्या ब्रिटिश कायद्यातही ती राहिली.

आपला नागरिकत्व कायदा 1955 चा. त्याचं चौथं कलम ‘वंशपरंपरेनं नागरिकत्व’ याबद्दल आहे, आणि त्याची घडण याच ब्रिटिश साच्यातली आहे. भारतात जन्मलेला बाप असेल, तर परदेशात झालेलं त्याचं मूल आपोआप भारतीय. नोंदीची अट नव्हती. बाप स्वतःच वंशपरंपरेनं, म्हणजे बाहेर जन्मून, नागरिक झालेला असेल आणि सरकारी नोकरीत नसेल, तरच वर्षाच्या आत वकिलातीत नोंद लागायची. म्हणजे त्या काळी नोंद ही अपवादासाठी होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात आई कुठंच नव्हती. चंद्रपूरच्या मुलानं परदेशी मुलीशी लग्न केलं आणि बाळ बाहेर झालं, तर बाळ भारतीय. चंद्रपूरच्या मुलीनं तेच केलं, तर बाळ भारतीय नाही. हे 1992 पर्यंत चाललं. जगात इतरत्रही असाच प्रश्न पेटला होता. आफ्रिकेतल्या बोत्स्वानात युनिटी डाऊ या वकीलबाईंनी, नवरा अमेरिकन असला तरी माझी मुलं माझ्या देशाची का नाहीत, असा खटला भरला आणि 1992 मध्ये तो जिंकला. आपल्याकडे त्याच वर्षी संसदेनं कायदा दुरुस्त केला. 10 डिसेंबर 1992 पासून किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या बाळाचे आई किंवा बाप, कोणीही भारतीय नागरिक असलं तरी चालतं. त्याआधी जन्मलेल्यांना मात्र जुनाच नियम लागू राहिला.

तिसरा टप्पा आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. 2003 ची दुरुस्ती 3 डिसेंबर 2004 पासून लागू झाली आणि अपवादाचा नियम झाला. आता परदेशात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत व्हायलाच हवी. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय आई-बापांनी लिहून द्यायचं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. नोंद नाही तर नागरिकत्व नाही, मग आई-बाप दोघंही पक्के भारतीय का असेनात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, भद्रावतीचं एक जोडपं दुबईत आहे आणि 10 फेब्रुवारी 2024 ला त्यांना मुलगी झाली. दवाखाना जन्माची सूचना देतो, त्यावरून तिथलं सरकार जन्मदाखला देतं. पण तिथं जन्मल्यानं तिथलं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे ही मुलगी आज कागदावर कोणाचीच नाही. तिच्या वास्तव्याचा परवाना जन्मापासून 120 दिवसांत काढावा लागतो, नाहीतर दंड सुरू होतो. आणि परवान्याला पासपोर्ट लागतो. त्यामुळे इथं कायद्यानं वर्ष दिलेलं असलं, तरी हाताशी प्रत्यक्षात चारच महिने असतात. आई-बाप जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि ते लेखी निवेदन घेऊन वकिलातीकडे अर्ज करतात. जन्म नोंदला जातो, मग पहिला पासपोर्ट. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो.

इथं अडतं कुठं? बहुतेक वेळा नावात. आपली रीत स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशी. आपल्या पासपोर्टात रकाने दोनच, दिलेलं नाव आणि आडनाव. आईच्या पासपोर्टावर माहेरचं नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचं, आणि दवाखान्यानं तिसरंच काही लिहिलेलं. म्हणून जन्मदाखला हातात पडताच तिथल्या तिथं अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. नंतर दुरुस्ती करण्यात महिने जातात.

हेच बाळ शिकागोत झालं असतं तर? अमेरिकेच्या घटनेच्या 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीनं तिथं जन्मलेलं मूल जन्मतःच तिथलं नागरिक. सोयीचं म्हणून पालक आधी अमेरिकी पासपोर्ट काढतात. तो काढला की आपल्याकडचं ते निवेदन खरं राहत नाही, आणि भारतीय नोंदीचा रस्ता बंद होतो. उलट, भारतीय पासपोर्टच काढायचा म्हटलं, तर अमेरिकी नागरिकानं त्या देशात जाता-येता अमेरिकी पासपोर्टच वापरावा असा तिथला नियम आहे. म्हणून अशी बहुतेक मुलं ‘ओसीआय’ कार्डावर येतात. ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली शेती मात्र मिळू शकते, म्हणजे आजोबांच्या सातबाऱ्यावर नातवाचं नाव चढू शकतं.

आणि नोंद होऊनही ज्याच्याकडे दुसरं नागरिकत्व आहे, त्यानं अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडायचं असतं. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व जातं. ही तारीख घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटी एक नेहमीचा घोटाळा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात अशी सोय आहे की, कुटुंब कायमचं राहायला परत आलं तर बाळ भारतात पोचल्यापासून साठ दिवसांत इथंही जन्मनोंद करता येते. लोक महानगरपालिकेचा दाखला घेतात आणि समजतात, झालं काम. तो दाखला जन्माचा आहे, नागरिकत्वाचा नाही. वकिलातीतली नोंद झाली नसेल, तर दाखला हातात असूनही पासपोर्टाचं काम अडू शकतं. उलट वकिलातीत नागरिक म्हणून झालेली जन्मनोंद याच कायद्यानं इथंही वैध धरली जाते. म्हणून पुढच्या वेळी घरात कोणी म्हणालं की दाखला झाला, तर एवढंच विचारा, तो दाखला दिला कोणी?