पासष्ट हजारांची सोडत

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची सोडत तिथल्या काँग्रेसने कधी मंजूर केलेली नाही. १९९०च्या कायद्यात तिने दोनच गोष्टी सांगितल्या: वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि अर्ज ज्या क्रमाने दाखल होतील त्या क्रमाने ते द्यायचे. आधी येईल त्याला आधी, इतका साधा हिशेब. सोडत जन्मली ती सरकारी टपालखोलीत, आणि तीही नाइलाजाने.

पहिली काही वर्षे ६५,००० हा आकडा कुणाला टोचलाच नाही. १९९७मध्ये पहिल्यांदा कोटा संपला. पुढे संगणकाच्या धंद्याची भरभराट झाली, वायटूकेची घाई आली, तशी काँग्रेसने मर्यादा आधी १,१५,००० आणि नंतर १,९५,०००वर नेली. हिंजवडी नि सीप्झमधून विमाने भरभरून गेली ती याच काळात. ही वाढ मात्र मुदतीची होती. २००३ संपता संपता आकडा पुन्हा ६५,०००वर आला. अमेरिकन विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी २००४च्या कायद्याने २०,००० जागा वेगळ्या काढल्या, एवढाच काय तो दिलासा.

आता गोम तारखेत होती. नोकरी सुरू होण्याच्या सहा महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही आणि नव्या कोट्याचे वर्ष १ ऑक्टोबरला उघडते. साहजिकच सगळ्यांची पहिली तारीख १ एप्रिल. २००७मध्ये १ एप्रिलला रविवार होता, म्हणून सोमवारी, २ तारखेला, कुरियरच्या गाड्या व्हरमाँट आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रांवर धडकल्या. दोन दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास अर्ज जमा झाले. त्यातला आधीचा कोणता हे कसे ठरवणार? ज्याचे पाकीट गाडीत वर होते त्याचा? कोटा ज्या दिवशी संपेल त्या दिवसाच्या अर्जांतून यदृच्छेने निवड करायची, असा अमेरिकेच्या स्थलांतर खात्याचा एक नियम होताच. शेवटच्या दिवसाचा गुंता सोडवायला केलेला हा नियम अख्ख्या वर्षाला लागू झाला, कारण पहिला दिवसच शेवटचा ठरला होता. पुढच्या वर्षी पाच दिवसांची खिडकी ठेवली, तर १,६३,००० अर्ज आले. हे ‘दाखल होण्याच्या क्रमा’त बसत नाही म्हणून काहीजण कोर्टातही गेले. ओरेगनमधल्या संघीय न्यायालयाने २०१७मध्ये निकाल खात्याच्या बाजूने दिला.

त्या काळी निकाल कळायचा तो बँकेतून. प्रत्येक कंपनी फॉर्म, पदव्यांच्या प्रती आणि फीचे चेक असे जाडजूड पाकीट पाठवायची. नंबर लागला तरच चेक वटायचे. त्यामुळे एप्रिलभर कंपन्यांचे वकील आणि हिशेबनीस बँकखात्यावर डोळा ठेवून बसत आणि वटलेल्या चेकच्या पाठीवरून पावतीचा क्रमांक शोधून काढत. बाकीची पाकिटे चेकसकट परत यायची. हजारो डॉलरची वकिली मेहनत पुन्हा दारात.

ही उधळपट्टी थांबावी म्हणून २०२०पासून ऑनलाइन नोंदणी आली. मार्चमध्ये साधारण दोन आठवडे, कंपनीने उमेदवाराचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक भरायचा आणि १० डॉलर मोजायचे. नंबर लागला तरच पूर्ण अर्ज, त्यासाठी एप्रिलपासून निदान ९० दिवस. सोय चांगली होती, पण तिनेच भोक पाडले. एका कंपनीने एका माणसासाठी दोन अर्ज करायचे नाहीत, ही बंदी २००८पासून होती. चार वेगवेगळ्या कंपन्यांनी एकाच माणसाचे नाव घालण्याला मात्र आडकाठी नव्हती, आणि आता तो खेळ चाळीस डॉलरचा झाला. २०२३च्या वसंतात ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या. त्यातल्या चार लाखांहून जास्त नोंदण्या एकापेक्षा अधिक वेळा नाव आलेल्यांच्या होत्या. त्या वर्षी एका नोंदणीला साधारण २५ टक्के शक्यता होती. चार नोंदण्यावाल्याची होते ६८ टक्के. सरळ चालणाऱ्याच्या पानात काय पडले हे वेगळे सांगायला नको.

२०२४पासून चिठ्ठी नोंदणीच्या नव्हे, माणसाच्या नावाने निघू लागली. पासपोर्ट एक, तर चिठ्ठी एक. २०२५मध्ये फीही १० वरून २१५ डॉलर झाली. त्या वर्षी सुमारे ३,३६,००० माणसांच्या नोंदण्यांतून १,२०,१४१ नोंदण्या निवडल्या गेल्या, म्हणजे साधारण ३५ टक्के माणसांचा नंबर लागला. जागा ८५,००० असताना निवड सव्वा लाखाच्या घरात का? कारण निवड झालेले सगळेच पुढे अर्ज करत नाहीत आणि केलेले सगळे मंजूर होत नाहीत.

२०२६च्या हंगामापासून सोडत निव्वळ नशिबाचीही राहिली नाही. त्या कामाला त्या शहरात काय पगार मिळतो यावरून अमेरिकेचे श्रम खाते चार पायऱ्या ठरवते. देऊ केलेला पगार पहिल्या पायरीचा असेल तर नाव एकदा, चौथीचा असेल तर चारदा टोपलीत. सरकारच्या स्वतःच्या अंदाजाने पहिल्या पायरीची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास, दुसरीची ३१, चौथीची ६१. गंमत अशी की सॅन होजेत पहिल्या पायरीवर बसणारा पगार एखाद्या लहान शहरात तिसरी पायरी गाठू शकतो.

समजा, पुण्यातून बी.ई. झालेली एक मुलगी मे २०२६मध्ये अमेरिकेत संगणकशास्त्रात एमएस झाली. तिला ओपीटीवर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीमुळे आणखी दोन वर्षे काम करता येते, म्हणजे २०२९च्या मध्यापर्यंत. तिच्या हाती मार्च २०२७, २८ आणि २९ अशा तीन सोडती. पहिल्या पायरीवर तिन्ही हुकण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के, दुसऱ्या पायरीवर ३३. अमेरिकन पदवीमुळे प्रत्यक्षात चित्र थोडे बरे असेल. तरी ऑफर घेताना केवळ पगाराचा आकडा न पाहता त्या जिल्ह्यात तो कोणत्या पायरीचा ठरतो, हे कंपनीच्या वकिलाला विचारलेले बरे. बी.ई. चार वर्षांचे असल्याने, ऑफर हातात असती, तर मार्च २०२६मध्येही तिचे नाव सर्वसाधारण कोट्यात जाऊ शकले असते. ही चौथी संधी बरेचजण विसरतात.

पर्यायांचा विचार तिसऱ्या सोडतीनंतर करू, असे म्हणणाऱ्यांची गाडी चुकते. कंपनीच्या परदेशी कार्यालयात सलग एक वर्ष काम केल्यावर एल-१वर परत आणता येते, आणि त्याला सोडत नाही. पण कंपनीचे टोरांटोला किंवा पुण्याला कार्यालय हवे. तेव्हा हे नोकरी धरतानाच बघायचे. शिवाय एल-१ त्या कंपनीशी बांधलेला असतो. देश सोडून पुढच्या सोडतीत नाव घालायचे म्हटले तर सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले आहेत. तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला ते लागत नाहीत. म्हणून आज पुण्यात बसून थेट एच-१बी मिळवणे जवळपास बंद झाले आहे.

विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न इस्पितळे आणि ना-नफा संशोधन संस्था कोट्याबाहेर आहेत. त्यांचा अर्ज वर्षात केव्हाही जातो. तिथून खासगी कंपनीत जायचे ठरवले, की तिलाही मार्चची नोंदणी करावी लागते.