नळी तांब्याची, कांब पोलादाची

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत एक उदाहरण हमखास आढळते. तांब्याच्या नळीत पोलादी कांब ओवली आहे, दोन्ही टोकांना जाड वॉशर घालून नट आवळले आहेत, आणि सगळे मिळून तापवले आहे. तर प्रत्येक धातूतील प्रतिबल काढा. विद्यार्थी सूत्र पाठ करतो, आकडे घालतो आणि मोकळा होतो. पण हा प्रश्न मुळात परीक्षेसाठी जन्मलेला नाही. घड्याळे करणाऱ्यांना आणि इमारती उभारणाऱ्यांना तो फार पूर्वीच भेटला होता.

सुमारे १७२६ साली इंग्लंडमधील जॉन हॅरिसन या सुताराला लंबकाच्या घड्याळाची एक खोड सतावत होती. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, हे ओळखून त्याने दोन्ही धातूंच्या नऊ दांड्यांची एक जाळीच बनवली. पोलादी दांड्या लंबकाचा गोळा खाली ढकलत आणि पितळी दांड्या तो तेवढाच वर उचलत. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. हॅरिसनने प्रत्येक दांडीला तिच्या मनाप्रमाणे लांबू दिले होते. कोणी कोणाला अडवत नव्हते, म्हणून दांड्यांत प्रसरणामुळे प्रतिबल निर्माण होत नव्हते. नुसत्या लांबीचा हिशेब पुरेसा होता.

आता त्याच दोन दांड्यांची टोके एकमेकींना घट्ट जखडली तर? मग लांबीचा हिशेब पुरत नाही आणि नुसता बलांचा हिशेबही पुरत नाही. दोन बले अज्ञात असतात आणि समतोलाचे समीकरण एकच मिळते. ही कोंडी कशी फोडायची, हे फ्रेंच अभियंता नाविए याने १८२६ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत दाखवले. जे समीकरण कमी पडते ते वस्तूच्या आकारबदलातून मिळवायचे, अशी त्याची युक्ती होती. आमच्या उदाहरणात हा आकारबदल म्हणजे इतकेच, की तापल्यानंतरही नळी आणि कांब यांची लांबी सारखीच राहिली पाहिजे.

प्रत्यक्ष आकडे घेऊ या. कांब २० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे तिचा छेद सुमारे ३१४ चौरस मिलिमीटर. नळीचा आतील व्यास २५ आणि बाहेरील ३५ मिलिमीटर, म्हणजे तिचा छेद सुमारे ४७१ चौरस मिलिमीटर. लांबी एक मीटर आणि तापमानातील वाढ ६० अंश सेल्सिअस. एका अंशाला पोलाद दशलक्षात १२ भाग वाढते आणि तांबे १७ भाग. यंगचा गुणांक पोलादासाठी दर चौरस मिलिमीटरला दोन लाख न्यूटन आणि तांब्यासाठी एक लाख वीस हजार न्यूटन धरू.

दोघांना मोकळे सोडले असते तर कांब ०.७२ मिलिमीटर वाढली असती आणि नळी १.०२ मिलिमीटर. फरक ०.३० मिलिमीटरचा. नट मध्ये असल्याने नळी त्यांना बाहेर ढकलते आणि नट कांबेला ओढतात. म्हणजे कांब ताणली जाते आणि नळी दाबली जाते. बाहेरून कोणतेच बल लावलेले नाही, त्यामुळे ताणाचे बल आणि दाबाचे बल समानच असणार. हे बल P म्हणू. कांबेचे ताणणे आणि नळीचे दबणे मिळून ०.३० मिलिमीटरची दरी भरली पाहिजे:

P × १००० ÷ (३१४ × २,००,०००) + P × १००० ÷ (४७१ × १,२०,०००) = ०.३०

यातून P सुमारे ८,९३० न्यूटन येते, म्हणजे ९०० किलोहून थोडे अधिक वजन त्या नटांवर लटकवल्यासारखे. छेदाने भागल्यावर पोलादात दर चौरस मिलिमीटरला सुमारे २८.४ न्यूटनचा ताण आणि तांब्यात सुमारे १९ न्यूटनचा दाब मिळतो. पडताळा घ्यायचा तर कांब ०.१४२ मिलिमीटर ताणली जाते आणि नळी ०.१५८ मिलिमीटर दबते. दोघांचीही अंतिम वाढ ०.८६२ मिलिमीटर येते. लांबी दोन्ही पदांत आणि उजव्या बाजूलाही असल्याने ती कटून जाते. जोडणी वीतभर असो वा दहा मीटर, प्रतिबल तेवढेच.

वर्गात इथे एक चूक फार होते. विद्यार्थी प्रत्येक धातूसाठी गुणांक, प्रसरणांक आणि तापमानवाढ यांचा गुणाकार करून पोलादात १४४ आणि तांब्यात १२२ असे उत्तर देतात, तेही दोन्हीकडे दाब म्हणून. ते उत्तर दोन अढळ भिंतींमध्ये अडकवलेल्या कांबेचे आहे. दोन्ही धातू एकाच वेळी दाबाखाली दिसले, की तो दाब पेलतो कोण, एवढाच प्रश्न मुलांना विचारावा.

या हिशेबाला मर्यादाही आहे. तापवून मऊ केलेले तांबे थोड्याशा प्रतिबलालाच कायमचे चेपू लागते. तापमान ६० ऐवजी २०० अंशांनी वाढवले तर सूत्र तांब्यात सुमारे ६३ न्यूटन दाखवते, पण मऊ तांबे त्याआधीच हार मानू शकते. मग थंड झाल्यावर नळी मूळ लांबीपेक्षा आखूड राहते. हे ओळखायला कुठलेही उपकरण लागत नाही, नट हाताने फिरतो. टोके नटांऐवजी झाळून पक्की केली असतील तर मात्र थंड झाल्यावर उलटे घडते. नळी ताणलेली आणि कांब दाबलेली राहते.

आता एका इमारतीकडे वळू. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ साली उभा राहिलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा, आणि त्याला आतून सावरणारे लोखंडी पट्ट्यांचे जाळे. समजा, त्यांच्या तापमानात ६० अंशांचा फरक पडला, तर दहा मीटर उंचीत दोन धातूंच्या वाढीत ३ मिलिमीटरचे अंतर पडेल. ते जखडले असते तर पातळ पत्रा सुरकुतला असता. गुस्ताव्ह आयफेल याच्या रचनेत म्हणून पट्ट्या पत्र्याला थेट ठोकल्याच नाहीत. पट्टीवरून तांब्याचे खोगीर घालून ते खोगीर पत्र्याला रिव्हेट केले. पट्टी खोगिरात सरकू शकत होती. ही हॅरिसनचीच वाट झाली, धातूला मोकळे सोडण्याची.

दोन धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते. काळाच्या ओघात ते झिजले. खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या सान्निध्यात लोखंड झपाट्याने गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. पट्ट्या फुगून खोगिरांत रुतल्या, सरकणे थांबले आणि रिव्हेट पत्र्यातून उपटून येऊ लागले. मुख्य अपराधी गंजच, हे खरे. पण पट्टी रुतल्यावर ऋतूगणिक होणारे प्रसरणही त्या रिव्हेटांच्याच माथी आले.

१९८४ ते १९८६ या काळात दुरुस्ती झाली तेव्हा त्या पट्ट्या काढून गंजरोधक पोलादाच्या पट्ट्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉनची पट्टी घातली. निवड गंज टाळण्यासाठी होती, पण तिच्यात आमच्या उदाहरणाचा एक धागा आहे. क्रोमियम आणि निकेल असलेल्या या जातीच्या पोलादाचा प्रसरणांक दशलक्षात १२ नव्हे, तर सुमारे १६ असतो, म्हणजे तांब्याच्या अगदी जवळ. वरच्या कांबेसाठी हेच पोलाद घेतले तर ०.३० मिलिमीटरची दरी ०.०६ वर येते, आणि नटांवरचे ते ९०० किलोंचे ओझे जवळजवळ एक पंचमांश उरते.