साडेपाचशे पेसो

विमानाचे तिकीट हातात असले म्हणजे प्रवासाचे सगळे पैसे भरून झाले, असे आपण धरून चालतो. मनिलाच्या विमानतळावर 2015 सालच्या जानेवारीपर्यंत तसे नव्हते. परदेशी निघालेल्या प्रवाशाला साडेपाचशे पेसोंचे 'टर्मिनल शुल्क' तिथल्या खिडकीवर वेगळे भरावे लागे. शिवाय फिलिपिन्सच्या नागरिकाला 1977 च्या फर्मानाने लावलेला प्रवास कर होताच. साध्या वर्गासाठी तो 1620 पेसो. दोन्ही तिकिटात नसत, तेव्हा निघताना 2170 पेसो जवळ लागत.

1 फेब्रुवारी 2015 पासून टर्मिनल शुल्क तिकिटातच घेऊ लागले. रांग कमी व्हावी हा हेतू. पण नियम तिकीट घेतल्याच्या तारखेला लागू होता, उड्डाणाच्या नव्हे. जानेवारीत तिकीट घेऊन मार्चमध्ये निघालेल्याला साडेपाचशे पेसो खिडकीवरच मोजावे लागत. हा बदलही मनिलापुरता होता; सेबूच्या विमानतळावर त्यानंतरही शुल्क वेगळेच घेत. प्रवास कराचा तर या बदलाशी संबंधच नव्हता.

मला या हकिकतीत महत्त्वाचा वाटतो तो परदेशी राबणारा फिलिपिनो कामगार. 1995 च्या स्थलांतरित कामगार कायद्याने त्याला ही दोन्ही देणी माफ होती. खिडकीवर शुल्क घेत तोवर तो परदेशी नोकरीचा दाखला पुढे करी आणि काही न भरता आत जाई. शुल्क तिकिटात शिरले आणि त्याची माफी अडली. संगणकावर तिकीट काढताना दाखला दाखवायचा कुणाला? आधी पैसे भरा, मग विमानतळावरून परत घ्या, असे त्याला सांगण्यात आले. ज्याचे तिकीट परदेशातल्या मालकाने काढले, ज्याला विमान गाठायची घाई होती, त्याने परताव्याच्या रांगेत कधी उभे राहायचे? कामगार संघटनांनी विरोध केला आणि 2017 मध्ये तिकीट काढतानाच माफी देण्याची व्यवस्था झाली. म्हणजे बहुतेकांची सोय झाली, त्याच बदलाने ज्याला काही देणे नव्हते त्याला रांगेत उभे केले.

तेव्हा तिकिटावरचा 'कर व शुल्क' हा एकच आकडा पाहून थांबू नये. त्याची फोड उघडावी. तिथे YQ दिसले, तर ते बहुधा विमान कंपनीचा स्वतःचा अधिभार असतो, विमानतळाचे शुल्क नव्हे. निघण्याच्या विमानतळाचे प्रवासी सेवा शुल्क नावानिशी नोंदलेले असेल, तर ते भरले गेले. नसेल, तर विमान कंपनीला दोन प्रश्न विचारावेत: हे शुल्क कुठे भरायचे, आणि मला ते लागू आहे का? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फिलिपिनो कामगाराचे पैसे त्या दुसऱ्या प्रश्नातच अडकले होते.