पहारेकऱ्यावर आलेला चोरीचा आळ : ‘पी५३’ची कथा

१/ १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईच्या संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तंबाखू खाणे व ओढणे यांचा तोंड आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी रुग्णांच्या सवयी तपासून मांडला. मात्र तंबाखूमुळे पेशीच्या आत नेमके काय बिघडते, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

२/ १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड यांना, तर अमेरिकेत आर्नोल्ड लेव्हाइन यांच्या प्रयोगशाळेला एक प्रथिन आढळले. त्याचे वजन सुमारे ५३ हजार डाल्टन भासले, म्हणून त्याला ‘पी५३’ म्हणू लागले. निरोगी पेशीत ते जेमतेम सापडे, कर्करोगाच्या पेशीत मात्र मुबलक असे. साहजिकच कर्करोग घडवणारे प्रथिन म्हणून त्याच्यावर ठपका बसला.

३/ दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, चित्र पालटले. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक नाहीशी झाली होती आणि उरलेली बिघडलेली होती. त्याच वर्षी लेव्हाइन यांच्या गटाने दाखवले की मूळ, निर्दोष पी५३ पेशीला कर्करोगाकडे वळण्यापासून रोखते. आधीच्या प्रयोगांत वापरलेल्या प्रतीच सदोष होत्या.

४/ एरवी एमडीएम२ हे दुसरे प्रथिन पी५३ला सतत नष्ट करवीत असते. डीएनए तुटला की ही पकड सुटते, पी५३ साचते आणि पी२१ नावाच्या प्रथिनाची निर्मिती वाढवते. पी२१ पेशीचे विभाजन थांबवते. तेवढ्या अवधीत दुरुस्ती होते. नुकसान फार असेल, तर पेशी स्वतःच मरते.

५/ मग सदोष प्रत इतकी फसवी का ठरली? पी५३चे चार रेणू एकत्र येऊन काम करतात. त्यांत सदोष रेणू मिसळला की चौकडीच निकामी होऊ लागते. शिवाय पी५३ कामात असताना एमडीएम२ची निर्मितीही वाढवते, म्हणजे स्वतःला आवर घालते. निकामी पी५३ला हे जमत नाही, म्हणून ते गाठीत साचत जाते. संशोधकांना दिसलेला साठा पुष्कळदा निकामी पहारेकऱ्यांचा होता.

६/ पहारा उठला की तुटक्या डीएनएसह पेशी विभागत राहते आणि पुढचे बिघाड साचत जातात. एवढ्यानेच कर्करोग होत नाही. पण माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते.

७/ १९९६ मध्ये मिखाइल डेनिसेन्को व गर्ड फायफर यांनी तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीनपासून बनणारे रसायन पेशींवर वापरले. ते या जनुकाच्या ज्या जागांना चिकटले, त्याच जागा फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार बिघडलेल्या सापडतात. मुंबईच्या निबंधाने रुग्णांच्या सवयींत पाहिलेल्या दुव्याची एक कडी, निदान धुरापुरती, अशी रेणूंपर्यंत पोहोचली.