एडीएसएल वाहिनी : क्षीणन आणि एसएनआर मार्जिन

तांब्याच्या टेलिफोन तारेवरून, संभाषणाच्या वरच्या वारंवारता वापरून चालणाऱ्या ब्रॉडबँडची प्रकृती सांगणारे दोन आकडे. दोन्ही डेसिबलमध्ये असतात आणि मॉडेमच्या पानावर (बहुधा `192.168.1.1`) `Line Attenuation` व `SNR Margin` या नावांनी दिसतात. भारतात ही सेवा २००५ पासून घरोघरी पोचू लागली.

क्षीणन म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंत येताना संकेत किती दुबळा झाला ते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेत दर किलोमीटरला सुमारे १४ डेसिबल जातात, म्हणून ४१ डेसिबल दिसले तर तार साधारण तीन किलोमीटर लांब समजावी. हा आकडा सहसा स्थिर राहतो. तो एकाएकी वाढला, तर तारेतच बिघाड शोधावा. जोडीतली एक तार तुटली तरी ब्रॉडबँड कधीकधी रखडत चालू राहते. फोनला मात्र डायल टोन नसतो आणि क्षीणन खूप चढलेले असते.

मार्जिनचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो. ते वाहिनीचा दर्जा सांगत नाही. सध्याच्या वेगाला जेवढी शुद्धता लागते, तिच्या वर किती शिल्लक आहे ते सांगते. ते शून्यावर आले की सुमारे एक कोटी बिटांमागे एक बिट चुकतो. मॉडेम जोडणी करताना साधारण ६ डेसिबल शिल्लक ठेवून वेग ठरवतो. त्यामुळे सुस्थितीतली आणि खराब वाहिनी, दोन्ही ६ दाखवू शकतात. वेग सोबत वाचल्याशिवाय मार्जिन वाचू नये.

उदाहरणार्थ, ४१ डेसिबल क्षीणनाच्या वाहिनीवर दुपारी ८ एमबीपीएस वेग व ६ मार्जिन आहे. संध्याकाळी मार्जिन २ वर येते, सीआरसी त्रुटी भराभर वाढतात, जोडणी तुटते. परत जुळल्यावर मार्जिन पुन्हा ६, पण वेग साडेसहाच्या आसपास. गोंगाट ४ डेसिबलने वाढला, एवढाच याचा अर्थ. प्रत्येक उपवाहिनीवरच्या एका बिटाला सुमारे ३ डेसिबल लागतात, म्हणून किंमत वेगातून वसूल होते. क्षीणन जागचे हललेले नाही, तेव्हा संशय बाहेरून येणाऱ्या गोंगाटावर: शेजारच्या जोड्या, हलक्या प्रतीचा चार्जर, रात्री दूरवरून पोचणारी मध्यमलहरी आकाशवाणी.

घरातली वायरिंग वगळण्यासाठी बाकीचे फोन काढून, मॉडेम थेट रोझेटला जोडून आकडे पुन्हा घ्यावेत. ते सुधारले तर दोष घरातच. तसेच राहिले, शिवाय फोनवर खरखर असेल आणि पावसात ती वाढत असेल, तर डीपी किंवा पिलरमधला ओलावलेला, गंजका जोड पाहावा. अशा जोडाची एक खोड असते: रिसीव्हर उचलल्यावर तारेतून प्रवाह वाहू लागतो, गंजाचा थर तात्पुरता भेदला जातो आणि मार्जिन चक्क सुधारते. उलट, रिसीव्हर उचलताच मार्जिन कोसळले तर आधी स्प्लिटर तपासावा.