जागा आहे, पण फाईल होत नाही: आयनोडची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात सणसवाडीतून. तिथल्या एका कारखान्यात कॅमेरा प्रत्येक पार्ट तपासतो आणि त्याच्या निकालाची दोन केबीची फाईल लिहितो. एका रात्री फाईल लिहिणं थांबलं. स्क्रीनवर `No space left on device`. मी `df -h` मारलं, तर 20 जीबीच्या पार्टिशनमध्ये जवळपास 15 जीबी मोकळी! मग दुसरी कमांड दिली:

```
df -i
```

आयनोड 100 टक्के संपलेले.

हे समजायला 1969 मध्ये जावं लागतं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी युनिक्सची फाईल सिस्टीम आखली. त्यांनी फाईलचं नाव आणि फाईल वेगळी केली. फोल्डरमध्ये फक्त नाव आणि एक नंबर. त्या नंबरची नोंद म्हणजे आयनोड. मालक कोण, साईज किती, डेटा डिस्कवर कुठे, हे सगळं तिथे असतं.

या नोंदी डिस्कवर ठरलेल्या जागी, एकसारख्या मापाने ओळीत ठेवल्या. त्यामुळे नंबर कळला की साध्या गुणाकाराने नोंद सापडायची, शोधत बसायला नको. पण ओळ किती लांब, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरवावं लागायचं. गोदाम रिकामं असलं तरी नोंदवहीची पानं संपली की नवा माल घेता येत नाही, तसंच हे.

लिनक्सच्या ext4 मध्ये हीच पद्धत आजही आहे. साधारणपणे दर 16 केबी जागेमागे एक आयनोड. म्हणजे आपल्या 20 जीबीला सुमारे 13 लाख 10 हजार. कॅमेरा दर 10 सेकंदांना एक फाईल लिहायचा, दिवसाला 8,640. पाच महिन्यांत वही भरली. दोन केबीची फाईल डिस्कवर चार केबीचा ब्लॉक अडवते, तरी एकूण डेटा झाला फक्त 5 जीबी. आणि गंमत म्हणजे, जागा संपो की आयनोड, युनिक्स एररचा मेसेज एकच देतं. म्हणून माणूस चकतो.

आम्ही `rm *` करून पाहिलं, तर `Argument list too long`. इतकी नावं एका कमांडमध्ये मावतच नाहीत. शेवटी हे चाललं:

```
find /data/results -type f -mtime +30 -delete
```

महिन्याभरापूर्वीच्या फाईली गेल्या, आयनोड सुटले, लाईन सुरू झाली. त्याआधी कॉपी मात्र दुसरीकडे घेतली होती बरं का!

पुन्हा फॉरमॅट न करता ext4 चं हे प्रमाण बदलता येत नाही. नव्याने फॉरमॅट करताना `mkfs.ext4 -i 4096` दिलं तर आयनोड चौपट मिळतात, पण त्यांच्या तक्त्यालाही जागा चौपट लागते. 1990च्या दशकात आलेल्या XFS ने वेगळी वाट धरली: लागतील तसे आयनोड तयार करायचे. आम्ही मात्र सोपा उपाय केला. आता तासाभराचे निकाल एकाच फाईलमध्ये जातात. दिवसाला 8,640 ऐवजी 24 फाईली.