रांग मोडली तरी शिक्षा, पाळली तरी शिक्षा

परवा भाच्याबरोबर शिडाच्या जहाजांचं एक जुनं चित्र बघत होतो. त्याने विचारलं, "मामा, ही एवढी मोठी जहाजं शाळेतल्या मुलांसारखी रांगेत का चाललीयेत? लढाई आहे ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

त्या जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींना, मजल्यांवर ओळीने लावलेल्या असत. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागे मात्र दोन-चारच. त्यामुळे शत्रूवर मारा करायचा तर त्याच्याकडे कूस करावी लागे. आणि शत्रू तुमच्या पुढे किंवा मागे आडवा आला, तर त्याचा एकेक गोळा जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं कापत जाई, आणि तुमच्या तोफा गप्प.

यावर उपाय म्हणजे रांग. जहाजं एकामागोमाग एक चालली की प्रत्येकाच्या नाजूक टोकाला शेजाऱ्याचा आडोसा मिळतो, सगळ्यांची कूस शत्रूकडे राहते आणि आपलाच गोळा आपल्याच जहाजाला लागत नाही. या रांगेत उभं राहण्याइतकं दणकट जहाज ते 'शिप ऑफ द लाइन'. बारा-तेरा जहाजांची रांग दोन किलोमीटरहून लांब पसरे. तोफांच्या धुरात ॲडमिरलची निशाणं, म्हणजे झेंडे, हाच काय तो निरोप. म्हणून नियम कडक होता: रांग मोडायची नाही.

पण दोन्ही रांगा समांतर चालत तोफा डागत राहिल्या, तर निकाल लागायचा कसा? इथेच खरी गोम आहे.

१७४४ साली तूलाँजवळ ब्रिटिश ॲडमिरल मॅथ्यूज, मागची जहाजं पोचायची वाट न बघता, रांग सोडून शत्रूवर गेला. मागच्या तुकडीचा प्रमुख लेस्टॉक मात्र लांबच राहिला. कारण काय, तर रांगेचं निशाण अजून उतरवलेलं नव्हतं! पुढे खटले झाले. लेस्टॉक निर्दोष सुटला आणि मॅथ्यूज बडतर्फ झाला. मॅथ्यूजच्या न्यायाधीशांत एक जण होता जॉन बिंग.

२० मे १७५६. भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरच्या ब्रिटिश किल्ल्याला फ्रेंचांनी वेढा घातला होता, आणि तो सोडवायला हाच बिंग आता ॲडमिरल होऊन आला होता. त्याची जहाजं तेरा, फ्रेंचांची बारा. रांगा समसमान व्हाव्यात म्हणून त्याने आपलं एक जहाज चक्क बाहेर काढलं! मग त्याची रांग तिरकी होत फ्रेंचांकडे सरकली. त्यामुळे पुढची जहाजं आधी पोचली आणि तीही नाळ पुढे करून. त्यांनी फ्रेंचांचा मार खाल्ला, तेव्हा मागची जहाजं लांबच होती. तेवढ्यात पुढच्या तुकडीतलं शेवटचं जहाज 'इन्ट्रेपिड' याची पुढची डोलकाठी वरून तुटली. ते आवरेना, आणि त्याच्या मागून येणारी जहाजं अडली.

बिंगच्या कप्तानाने सुचवलं की सरळ शत्रूवर जाऊ या. बिंगने नकार दिला. रांगेचं निशाण वर आहे, आणि सगळं बळ एकत्र न नेल्याने मॅथ्यूजवर काय पाळी आली ते आठवा, अशा अर्थाचं तो बोलला. तो रांग सावरत राहिला. फ्रेंच थोडा वेळ लढून मागे सरले. एकही जहाज बुडालं नाही. बिंग जिब्राल्टरला परतला आणि जूनअखेर मिनोर्काचा किल्ला पडला.

लंडनमध्ये संताप उसळला. कोर्ट मार्शलने बिंगला भित्रेपणाच्या आरोपातून मुक्त केलं, पण शत्रूचा नाश करण्यासाठी शक्य ते सगळं केलं नाही, हा दोष त्याच्यावर ठेवला. दरम्यान कायदा बदलला होता आणि या गुन्ह्याला आता मृत्युदंडाशिवाय दुसरी शिक्षाच उरली नव्हती. न्यायाधीशांनी स्वतःच दयेची शिफारस केली, ती राजाने मानली नाही. १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथला 'मोनार्क' जहाजाच्या डेकवर बिंगला गोळ्या घातल्या.

पुढे १७८२ मध्ये सेंट्सच्या लढाईत रॉडनीची जहाजं फ्रेंचांची रांग भेदून गेली. १८०५ मध्ये ट्रफाल्गरला नेल्सनने दोन रांगा करून नाळ पुढे ठेवूनच शत्रूवर चाल केली, सुरुवातीचा मार सोसला आणि मग शत्रूच्या रांगेतून घुसून त्यांच्या नाजूक टोकांवर गोळे ओतले. पण त्याने कप्तानांना बेत आधीच समजावून दिला होता. निशाण दिसलं नाही तरी काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, "मग बिंगने काय करायला हवं होतं?" मी म्हटलं, रांग मोडून हरला असता तर मॅथ्यूज झाला असता, आणि पाळून जिंकला नाही म्हणून बिंग झाला. नियमात फक्त जिंकणाऱ्याची सोय होती. त्याला हे उत्तर काही पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.